अण्णांना आता काही समजत नाही. त्यांनी दिलेल्या मुखत्यारपत्रावर मी घर विकू शकतो का?

मंदार_राजेंद्रनगर

नमस्कार मंडळी. प्रश्न थोडा लांब आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय कुणाला उत्तर देता येणार नाही.

इंदूरला राजेंद्रनगरात आमचं घर आहे, वडिलांच्या एकट्याच्या नावावर. २०१७ साली अण्णांनी मला आम मुखत्यारपत्र करून दिलं, रीतसर रजिस्टर केलेलं. तेव्हा ते ठणठणीत होते, पंजीयन कार्यालयात स्वतः स्कूटर चालवत आले होते. कागदात बँक, संपत्तीकर, भाडेकरू, कोर्टकचेरी सगळं आहे. 'घर विकणे, विक्रीपत्रावर सही करणे व मोबदला स्वीकारणे' हेही स्पष्ट आहे. शेवटी 'हे मुखत्यारपत्र अपरिवर्तनीय राहील' अशी एक ओळ आहे, ती कागद लिहिणाऱ्याने घातली होती.

२०२१ मध्ये अण्णांना डिमेन्शियाचं निदान झालं. आता ते आईलाही रोज ओळखतातच असं नाही. दिवसा एक आणि रात्री एक अशी दोन माणसं ठेवावी लागतात. आई ७६ वर्षांची आहे आणि मी नोकरीसाठी पुण्यात. घर विकून आई-अण्णांसाठी लिफ्ट असलेला लहान फ्लॅट घ्यायचा आणि उरलेले पैसे शुश्रूषेला ठेवायचे, असं ठरवलं. बहीण बडोद्याला असते, तिचीही संमती आहे.

गिऱ्हाईक मिळालं, बयाणाही दिला. आता त्याच्या कर्जाच्या बँकेचा वकील माझ्याकडून शपथपत्र मागतोय की मुखत्यारपत्र देणारा हयात आहे, मुखत्यारपत्र रद्द झालेलं नाही आणि ते आजही अंमलात आहे. पहिली दोन वाक्यं मी डोळे मिटून लिहीन. तिसरं लिहिताना हात थांबलाय. अण्णांचं भान गेल्यावर तो कागद अंमलात असतो का?

लोकमान्यनगरी

भिया, एवढं टेन्शन कशाला? रजिस्टर्ड आहे, विक्रीचा अधिकार लिहिलेला आहे, वर अपरिवर्तनीय आहे. मुखत्यारपत्र माणूस गेला की संपतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. अण्णा देवाच्या दयेने आहेत ना? मग शपथपत्रावर सही करा आणि रजिस्ट्री उरकून घ्या. आजारपण कुणाला चुकलंय? आजारी माणसाची कामं करता यावीत म्हणूनच तर लोक मुखत्यारपत्र करतात.

पोहेजिलेबी

माझ्या माहितीप्रमाणे सुप्रीम कोर्टाने २०११ साली मुखत्यारपत्रावर घरं विकणं बंदच करून टाकलंय. त्यामुळे अण्णा शुद्धीवर असते तरी हे जमलं नसतं.

न्यायवाट

मी इंदूरला वकिली करते. वरच्या दोन्ही उत्तरांत अर्धं खरं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी २०११ चा निकाल. सूरज लँप विरुद्ध हरियाणा सरकार, ऑक्टोबर २०११. लोक विक्रीपत्र न करता नुसता करारनामा, मुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र असा तीन कागदांचा जुडगा घेऊन 'प्लॉट विकत घेतला' म्हणत होते. कोर्टाने सांगितलं की अशाने मालकी मिळत नाही. पण त्याच निकालात हेही म्हटलंय की बायको, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण यांना आपला कारभार पाहण्यासाठी किंवा विक्रीपत्र करून देण्यासाठी दिलेलं खरंखुरं मुखत्यारपत्र चालतं. म्हणजे मंदार यांनी अण्णांच्या वतीने रजिस्टर्ड विक्रीपत्र करून देणं त्या निकालात बसतं. अडचण तिथे नाही.

अडचण भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २०१ मध्ये आहे. मुखत्यारपत्र देणारा आणि घेणारा यांचं नातं मालक आणि त्याचा एजंट असं असतं. हे नातं कशाने संपतं, ते या कलमात दिलंय. मालकाने अधिकार काढून घेतला तर संपतं, एजंटाने काम सोडलं तर संपतं, काम पूर्ण झालं तर संपतं आणि दोघांपैकी एकाचा मृत्यू झाला किंवा त्याचं मन ठिकाणावर राहिलं नाही तरीही संपतं. कायद्याने मृत्यू आणि मनाचं भान जाणं एकाच ओळीत ठेवलंय. त्यामागचा विचार असा की एजंटाच्या डोक्यावर मालकाचा हात असायला हवा. मालकाला वाटलं तर त्याने उद्या सकाळी अधिकार काढून घेता आला पाहिजे. ज्याला अधिकार काढून घेणं म्हणजे काय हेच कळत नाही, त्याच्या नावाने दुसरा कुणी घर विकू लागला तर त्याला अडवणारं कोणी उरत नाही.

काही देशांत भान गेल्यावरही चालू राहणारं मुखत्यारपत्र करता येतं. आपल्याकडे तसा कायदा नाही. आजारपणासाठी म्हणून केलेला कागद नेमक्या त्याच आजारात हातातून जातो, हे अनेक घरांना फार उशिरा कळतं.

रजिस्टर केल्याने कागद खरा आहे याला बळ मिळतं, त्याचं आयुष्य वाढत नाही.

लोकमान्यनगरी

आणि अपरिवर्तनीय लिहिलंय त्याचं काय? मग ती ओळ लिहितातच कशाला?

न्यायवाट

ती ओळ सवयीने लिहितात. कायदा ओळ बघत नाही, एजंटाचा त्या मालमत्तेत स्वतःचा हितसंबंध आहे का ते बघतो. कलम २०२ मध्ये दाखलाच दिलाय. समजा 'अ' ने 'ब' चे पैसे देणं आहे, आणि 'अ' ने 'ब' ला सांगितलं की माझी जमीन वीक आणि त्यातून तुझं येणं वळतं कर. हा अधिकार 'अ' ला काढून घेता येत नाही, आणि 'अ' च्या वेडाने किंवा मृत्यूनेही तो संपत नाही, कारण त्यात 'ब' चा पैसा अडकलाय. मंदार यांनी अण्णांना कर्ज दिलेलं नाही, घरात त्यांचा आज कायदेशीर वाटा नाही. वारसा मिळण्याची आशा हा हितसंबंध होत नाही. त्यामुळे कागदावर दहा वेळा अपरिवर्तनीय लिहिलं तरी हे साधंच मुखत्यारपत्र.

सायली_टोरंटो

माझाही असाच प्रश्न आहे. मी कॅनडात असते, इंदूरला माझ्या नावावर बिचोली भागात प्लॉट आहे. तो विकायला भावाला मुखत्यारपत्र पाठवायचंय. इथल्या नोटरीचं चालेल का? की स्वतःच यावं लागेल?

पासबुक

सायलीताई, तुमचा प्रश्न वेगळा आहे, तुम्ही तर छान शुद्धीवर आहात! :) वेगळा धागा काढलात तर जास्त उत्तरं मिळतील.

न्यायवाट

थोडक्यात सांगते. यायची गरज नाही. परदेशात राहणाऱ्याने मुखत्यारपत्रावर तिथल्या नोटरीसमोर किंवा आपल्या वाणिज्य दूतावासात सही केली तर रजिस्ट्रेशन कायदा ते मानतो. नोटरीचा मार्ग घेतलात तर त्यावर अपोस्टिलचा शिक्का घ्या. मूळ कागद भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर इथला मुद्रांक लागला पाहिजे. हे लोक विसरतात आणि मग रजिस्ट्रीच्या दिवशी धावाधाव होते. लिफाफ्यावरची पोचल्याची तारीख भावाला जपून ठेवायला सांगा. आणि आम मुखत्यारपत्र देऊ नका. त्या एका प्लॉटचा नंबर, चतुःसीमा आणि 'मोबदला फक्त माझ्या अमुक खात्यात' असं लिहिलेलं खास मुखत्यारपत्र द्या.

देवासकर

शेवटच्या वाक्याला माझं पूर्ण अनुमोदन, कारण आमच्या घरात तेच झालंय.

माझ्या आत्याला मूलबाळ नाही. तिने एका नातेवाइकाला आम मुखत्यारपत्र दिलं. त्यात 'विक्री, भाडेपट्टा, गहाण व इतर सर्व व्यवहार' असे शब्द होते. त्याने त्या कागदावर आत्याचं अर्धं घर स्वतःच्या बायकोला बक्षीसपत्राने देऊन टाकलं. आत्या जिवंत, शुद्धीवर, घरातच राहत होती! तिला कळलं ते नगर निगमच्या संपत्तीकराची पावती दुसऱ्या नावाने आली तेव्हा. 'इतर सर्व व्यवहार' मध्ये बक्षीसही आलं, असं तो म्हणतो. दावा चालू आहे.

न्यायवाट

देवासकर, चालू दाव्याबद्दल मी काही बोलणार नाही. पण तत्त्व सांगते, ते मंदार यांनाही उपयोगाचं आहे. कोर्ट मुखत्यारपत्र फार काटेकोर वाचतं. जे लिहिलंय तेवढंच, आणि ते काम पार पाडायला जे लागेल तेवढंच. विकण्याच्या अधिकारात फुकट देण्याचा अधिकार येत नाही, कारण विक्रीत मालकाच्या हातात पैसा येतो आणि बक्षिसात काहीच येत नाही. 'इतर सर्व व्यवहार' हे शब्दही आधी लिहिलेल्या कामांच्या जातीचेच धरले जातात.

दुसरं, एजंटाने मालकाला न सांगता स्वतःशी किंवा आपल्या माणसाशी व्यवहार केला आणि त्यात लपवाछपवी झाली किंवा मालकाचं नुकसान झालं, तर मालक तो व्यवहार नाकारू शकतो. ते कलम २१५. आणि कलम २१३ प्रमाणे मालकाने मागितला की हिशेब द्यावाच लागतो. लोक मुखत्यारपत्राला सत्ता समजतात, पण त्यात मुख्य आहे ती चाकरी.

डॉ_स्नेहलतागंज

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. या चर्चेत एक गोष्ट सुटतेय. डिमेन्शियाचं निदान झालं म्हणजे त्या दिवसापासून माणूस निर्णयाला अक्षम, असं नसतं. सुरुवातीच्या काळात कितीतरी लोक स्वतःच्या पैशाचा, घराचा विचार नीट करू शकतात. आठवण कच्ची होते, पण 'हे घर माझं आहे, ते विकलं तर मला इथून जावं लागेल, पैसे अमुक इतके येतील' एवढं त्यांना कळतं आणि ते त्यावर टिकून राहतात. तपासताना आम्ही नेमकं हेच बघतो. समजलं का? थोड्या वेळाने विचारलं तर तेच उत्तर येतं का? पर्याय तोलता येतात का? कुणाच्या दबावाखाली तर बोलत नाहीत ना?

त्यामुळे मंदार, अण्णांचं निदान २०२१ चं असलं तरी अधिकार २०२१ लाच संपला असं मी म्हणणार नाही.

न्यायवाट

डॉक्टरांचा मुद्दा कायद्यालाही मान्य आहे. करार कायद्याचं कलम १२ मनाची शुद्धता त्या क्षणाची आणि त्या व्यवहारापुरती बघतं. आपण काय करतोय ते समजणं आणि आपलं हित-अहित तोलता येणं, एवढी कसोटी. एखादा माणूस एरवी भानावर नसला, पण मधल्या काळात भानावर आला, तर त्या वेळात तो करार करू शकतो, असंही त्यात आहे.

पोहेजिलेबी

मग सोपं झालं की! सकाळच्या वेळी अण्णा बरे असतील तर त्यांना पंजीयन कार्यालयात नेऊन त्यांच्याच सहीने विक्रीपत्र करा. मुखत्यारपत्राचा प्रश्नच नको.

मंदार_राजेंद्रनगर

ते आता शक्य नाही. मागच्या दिवाळीत बहिणीने त्यांना विचारलं, 'अण्णा, हे घर कोणाचं?' ते म्हणाले, 'मालक वरच्या मजल्यावर राहतात, भाडं मी वेळेवर देतो.' घर त्यांनी स्वतः उभं राहून बांधलंय, पायरीच्या फरशीवर त्यांच्या हाताने कोरलेलं साल आहे. चांगल्या दिवशी ते जुनी पदं पूर्ण म्हणतात, पण व्यवहाराचं काही नाही.

न्यायवाट

मग मंदार, चित्र स्पष्ट आहे. रजिस्ट्रेशन कायद्याच्या कलम ३५ प्रमाणे सही करणारा भानावर नाही असं उपपंजीयकाला दिसलं, तर त्याला दस्त नाकारावाच लागतो. आणि तो नाकारणार नाही असं धरून चाललात, तरी तो दस्त उभा राहणार नाही.

मुखत्यारपत्राचंही तेच. भान नेमकं कधी गेलं, ती तारीख वादाची असू शकते. पण आज ते नाही हे तुम्हालाच माहीत आहे. अधिकार संपल्याचं ठाऊक नसताना एजंटाने काही केलं तर १८८२ चा मुखत्यारपत्र कायदा त्याला वाचवतो, आणि ज्या तिऱ्हाइताला ते ठाऊक नव्हतं त्यालाही कायदा संरक्षण देतो. तुम्हाला ते संरक्षण नाही, कारण तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही शपथपत्रावर सही केलीत, तर उद्या न्यूरॉलॉजिस्टची फाइलच तुमच्याविरुद्ध पुरावा होईल. आज बहिणीची संमती आहे, पण संमतीने संपलेला अधिकार परत येत नाही. घर अण्णांचं आहे, तुम्हा भावंडांचं अजून नाही.

लोकमान्यनगरी

हे ऐकून वाईट वाटतंय. म्हणजे मुलाने वडिलांसाठी काहीच करायचं नाही? ज्या कामासाठी कागद केला तेच काम अडवलं. असा कायदा म्हाताऱ्या माणसाच्या काय कामाचा? माझा एक चुलतभाऊ अशाच मुखत्यारपत्रावर वडिलांची सगळी कामं करतो, कुणी कधी विचारलं नाही.

पासबुक

दादा, कुणी विचारलं नाही याचा अर्थ चालतं असा नाही. मी ३४ वर्षं बँकेत काढली. अशा किती खात्यांवर मुलाच्या हातात वडिलांचं एटीएम कार्ड आणि मोबाइल असतो, हे मला माहीत आहे. ओटीपी येतो, पैसे निघतात, घर चालतं. घरात सगळे गुण्यागोविंदाने असतात तोवर काही होत नाही. ज्या दिवशी एका भावंडाने बँकेला पत्र लिहिलं, त्या दिवशी खातं थांबतं आणि आईच्या औषधालाही पैसे निघत नाहीत. माझ्या शाखेत हे झालेलं आहे.

बँकेबद्दल दोन गोष्टी सांगतो, कारण मंदारला आत्ता घरापेक्षा रोजचा खर्च महत्त्वाचा असेल.

पहिली. अण्णांचं पेन्शन खातं आईबरोबर संयुक्त आहे का, आणि त्यावर 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला' अशी सूचना आहे का, ते पाहा. असेल तर आई तिच्या स्वतःच्या हक्काने खातं चालवते, तिला मुखत्यारपत्र लागत नाही. मुदत ठेवींवरही तीच सूचना हवी. मात्र मुदतीआधी ठेव मोडायची असेल तर बऱ्याच बँका दोघांच्या सह्या मागतात, तेव्हा पावत्यांच्या मुदती बघून ठेवा.

दुसरी. रिझर्व्ह बँकेचा एक नियम लोक उलटा समजतात. सही करता येत नसलेल्या आजारी खातेदाराचा अंगठा किंवा पायाचा अंगठा घेऊन दोन साक्षीदारांसमोर पैसे काढता येतात, त्यातला एक साक्षीदार बँकेचा जबाबदार अधिकारी. हा नियम शरीर साथ देत नाही पण मन ठिकाणावर आहे अशांसाठी आहे. अर्धांगवायू झालेल्या माणसाला उपयोगी. अण्णांना नाही. बेशुद्ध माणसाचा अंगठा टेकवून पैसे काढायला मदत केली म्हणून लोक नंतर अडकले आहेत.

मंदार_राजेंद्रनगर

पेन्शन खातं संयुक्त आहे, आईच चालवते. ठेवींपैकी दोन अण्णांच्या एकट्याच्या नावावर आहेत. म्हणजे त्या अडकल्या म्हणायच्या?

पासबुक

मुदत संपली की नूतनीकरण होत राहील. पण मोडायला अण्णांची सही लागेल. नामांकन असलं तरी ते अण्णांच्या पश्चात. नामनिर्देशित व्यक्तीला खातेदार हयात असताना काही अधिकार नसतो. यावर उपाय कोर्टाचाच.

जुनी_इंदूरकर

मी ७१ वर्षांची आहे, हे ८० चे. दोघंही चालतेफिरते आहोत, यांचं डोकं माझ्यापेक्षा चांगलं चालतं. मुलगा अमेरिकेत. आम्ही गेल्या महिन्यातच त्याला मुखत्यारपत्र द्यायचं ठरवत होतो. वरचं सगळं वाचून रात्री झोप लागली नाही. मग आम्ही काय करायचं ते कुणी सांगेल का?

न्यायवाट

काकू, तुमची वेळ हातात आहे, म्हणून हे वाचलंत ते बरंच झालं. मुखत्यारपत्र द्या, आज तुमच्या सोयीसाठी त्याचा उपयोग आहेच. दाखले आणायला, भाडेकरूला नोटीस द्यायला, संपत्तीकर भरायला. पण त्याच्या भरवशावर पुढचं आयुष्य ठेवू नका.

बँकेची सगळी खाती आणि ठेवी दोघांच्या नावे, पासबुककाकांनी सांगितलेल्या सूचनेसह करा. घर एकाच्या नावावर असेल तर आज, दोघंही भानावर असताना, त्याचा काय विचार करायचा ते ठरवा. काही जण घर एकमेकांच्या नावे करतात. काही जण खाजगी विश्वस्त व्यवस्था करतात, म्हणजे घर विश्वस्तांच्या नावे आणि उपभोग तुम्हा दोघांचा. विश्वस्त ठेवणाऱ्याचं भान गेलं तरी विश्वस्ताचं काम चालू राहतं, हा तिचा मोठा फायदा. खर्च मात्र येतो, मुद्रांकही लागतो, म्हणून सरसकट सगळ्यांना मी ते सुचवत नाही. मृत्युपत्र जरूर करा, पण ते तुमच्या पश्चात बोलतं, आजारपणात नाही.

बडोद्याची_रमा

इथे बडोद्याला माझ्या सासूबाईंच्या बाबतीत इस्पितळाने मुखत्यारपत्र मागितलं होतं, शस्त्रक्रियेच्या संमतीसाठी! मी घाईघाईने नोटरी करून दिलं. ते चालतं का?

डॉ_स्नेहलतागंज

रमाताई, शस्त्रक्रियेची संमती जवळच्या नातेवाइकाची घेतात ती रुग्ण बोलू शकत नाही म्हणून. त्याला पैशाच्या मुखत्यारपत्राची गरज नसते. मानसिक आजाराच्या उपचारांसाठी २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा आहे, त्यात आपला नामनिर्देशित प्रतिनिधी आधीच ठरवून ठेवता येतो. पण तो प्रतिनिधी उपचारांपुरताच, घर-जमिनीला हात लावू शकत नाही.

न्यायवाट

डॉक्टरांनी हा कायदा काढला ते बरं झालं, कारण मंदार यांची खरी अडचण तिथेच आहे. जुन्या, १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात भान नसलेल्या माणसाच्या मालमत्तेसाठी जिल्हा न्यायालय व्यवस्थापक नेमू शकत होतं. २०१७ च्या नव्या कायद्याने जुना कायदा गेला आणि मालमत्तेचं ते प्रकरण नव्यात आलंच नाही. ही पोकळी आहे. मग लोक संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात जातात. ज्याचं रक्षण करणारं कुणी नाही त्याचं पालकत्व न्यायालयाकडे असतं, या तत्त्वावर. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये कोमातल्या रुग्णांसाठी पालक कसा नेमायचा याची पद्धत घालून दिली. इतर उच्च न्यायालयांनीही असे आदेश दिले आहेत. तुमच्यासाठी इंदूर खंडपीठ.

वकील_गोराकुंड

न्यायवाट ताईंशी इथे थोडा मतभेद. मी आधी जिल्हा पातळीवर जाऊन बघेन. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ च्या कलम १४ मध्ये मर्यादित पालकत्वाची सोय आहे आणि डिमेन्शियाच्या रुग्णाला त्यात बसवता येतं असं माझं मत आहे. उच्च न्यायालय 'आधी तिथे जा' म्हणू शकतं, मग वेळ फुकट जातो.

न्यायवाट

कलम १४ चा पालक हा माणसाच्या बरोबर निर्णय घेणारा आहे, दोघांच्या विचाराने. ज्याला घर कोणाचं हेच आठवत नाही त्याच्याबरोबर कसला विचार करणार? त्या आदेशावर घराची विक्री रजिस्टर करायला पंजीयन कार्यालय कां-कूं करेल अशी मला भीती आहे.

वकील_गोराकुंड

त्याच कलमात गरज पडल्यास पूर्ण आधाराचीही तरतूद आहे. पण मान्य, विक्रीसाठी उच्च न्यायालयाचा आदेश जास्त वजनदार. पक्षकाराचा खर्च आणि घाई पाहून ठरवावं लागेल.

मंदार_राजेंद्रनगर

दोघांचेही आभार. मी शपथपत्रावर सही करत नाही, हे ठरलं. गिऱ्हाइकाला काल सगळं खरं सांगून बयाणा परत केला. तो म्हणाला, कोर्टाची परवानगी आलीच तर आधी मला कळवा. बहिणीशीही बोललो. अर्ज करायचा तर काय काय गोळा करायचं? आणि तोवर मी घराचं काय करू शकतो? पावसाळ्याआधी गच्चीची दुरुस्ती राहिली आहे, आणि वरच्या मजल्यावरचा भाडेकरू जातोय.

न्यायवाट

दुसऱ्याचं उत्तर आधी. अधिकार संपला तरी हात झटकता येत नाहीत. मालकाचं भान गेल्यावर त्याची मालमत्ता जपण्यासाठी योग्य ती पावलं एजंटाने उचललीच पाहिजेत, असं कलम २०९ सांगतं. गच्चीची दुरुस्ती, संपत्तीकर, वीजबिल, चोरी-अतिक्रमण रोखणं हे सगळं जपण्यात येतं. प्रत्येक पावती ठेवा, चेकनेच पैसे द्या. नवा भाडेकरू ठेवताना मी जपून राहीन. लांब मुदतीचा भाडेकरार अण्णांच्या वतीने करू नका, तो जपण्याच्या पलीकडे जातो.

अर्जाला न्यूरॉलॉजिस्टची २०२१ पासूनची सगळी कागदपत्रं लागतील. खाजगी डॉक्टरच्या एका चिठ्ठीवर कोर्ट सहसा थांबत नाही, सरकारी वैद्यकीय मंडळाकडून तपासणी करायला सांगतं. अण्णांच्या सगळ्या मालमत्तेची यादी द्या, त्या दोन ठेवी त्यात घाला. लपवलेली ठेव नंतर निघाली तर तुमच्या हेतूवरच शंका येते. आई आणि बहिणीची शपथपत्रं लागतील. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे 'घर विकायची परवानगी द्या' एवढंच मागू नका. महिन्याचा खर्च किती, पेन्शन किती, तूट किती, घराचं मूल्यांकन किती, नवा फ्लॅट कोणाच्या नावे घेणार आणि उरलेली रक्कम कोणत्या खात्यात ठेवणार, हे मांडा. नवा फ्लॅट अण्णांच्याच नावे आणि शिल्लक त्यांच्याच नावच्या ठेवीत असेल तर न्यायाधीशांचा अर्धा प्रश्न तिथेच सुटतो. पालक नेमला की हिशेब वेळोवेळी कोर्टात द्यावा लागेल, तयारी ठेवा.

मंदार_राजेंद्रनगर

फ्लॅट आईच्या नावे घ्यायचा विचार होता, अण्णांच्या नंतर तिला त्रास नको म्हणून.

न्यायवाट

भावना समजते. पण पैसा अण्णांचा आहे. त्यांच्या पैशाने घेतलेलं घर दुसऱ्याच्या नावे, मग ती बायको असली तरी, कोर्टाकडून मंजूर करून घेणं अवघड. दोघांच्या संयुक्त नावे आणि आईला राहण्याचा हक्क, असं मागून बघता येईल. देतील असं छातीठोक सांगत नाही.

लोकमान्यनगरी

मंदार, माझ्या चुलतभावाला मी हा धागा पाठवलाय. त्याचे वडील अजून भानावर आहेत. खाती संयुक्त करायला उद्याच घेऊन जातोय म्हणाला.

डॉ_स्नेहलतागंज

लोकमान्यनगरी, त्यांच्या वडिलांना विसरायला होत असेल तर सही करायच्या आधी क्षमतेची तपासणी करून घ्या, त्याच आठवड्यातली. त्यात 'रुग्ण ठीक आहे' असं लिहून चालत नाही. कोणता व्यवहार समजावला, त्यांनी स्वतःच्या शब्दांत काय सांगितलं, खोलीत आणखी कोण होतं, हे लिहिलेलं हवं. शक्यतो मुलाने त्या वेळी बाहेर थांबावं.

जुनी_इंदूरकर

न्यायवाट ताई, यांचं म्हणणं आहे की विश्वस्त व्यवस्थेत मुलगा एकटा विश्वस्त नको, बरोबर माझी भाचीही हवी, ती इथेच सुदामानगरला राहते. दोन विश्वस्त चालतात का? आणि त्यांच्यात मतभेद झाला तर?

न्यायवाट

चालतात, काकू. काकांचा विचार योग्य आहे, एक इथे राहणारा विश्वस्त हवाच. मतभेदाचं आधीच लिहून ठेवावं लागतं, म्हणजे तुमच्यापैकी जो भानावर असेल त्याचं मत शेवटचं, आणि दोघंही नसाल तर कोणत्या तिसऱ्या माणसाला विचारायचं. तिसरा माणूस कोण, ते दोघं बसून ठरवा आणि मला व्यक्तिगत निरोप पाठवा. घराची रजिस्ट्री आणि नामांतरणाचा आदेश शोधून ठेवा, त्यांच्याशिवाय मसुदा करता येणार नाही.